खिचडीवरचं तेल

आमच्याकडे खिचडीवर तूप घेत नाहीत, तेल घेतात. घाण्यावरून आणलेलं शेंगदाण्याचं कच्चं तेल. ताटात वाफाळती खिचडी पडली की मधे बोटाने खड्डा करायचा आणि त्यात तेलाची धार सोडायची. पाहुण्याला तेल आग्रहाने वाढतात. तो हात आडवा धरतो, आणि त्या हाताच्या बोटांमधूनही थोडं ताटात जातंच. लहानपणी मला हे इतकं साधं वाटायचं की त्यावर कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पुढे लिहिलं, आणि तेच घराला भोवलं.

आमचं घर नंदुरबारजवळच्या कोरीट गावातलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते आणि शेतीही करायचे. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. ते पत्रकं काढायचे. नवस, गंडेदोरे, सलाईनशिवाय बरं न करणारे डॉक्टर, बोगस बियाणं, हुंडा, रेशनवरचा किडका गहू, असा एकही विषय त्यांनी सोडला नाही. पाठकोऱ्या पत्रकांवर मी गणितं सोडवली. अक्षरओळखही त्यांच्या मथळ्यांवरून झाली. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि उद्गारचिन्हं जास्त होती.

मजकूर तपासायला बसले की आप्पा लाल पेन घ्यायचे आणि अहिराणी सोडून शाळेतल्या मराठीत बोलायला लागायचे. त्यांचा एकच नियम होता. "पत्रक उभ्या माणसाने वाचायचं असतं, पोरी. 'बहुतेक', 'थोडंसं', 'काही प्रमाणात' असलं काही दिसलं की तो घडी घालून खिशात ठेवतो. ठाम लिही."

मी ठाम लिहायला शिकले.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना हृदयाचा त्रास झाला. सुरतला नेलं, एका नळीत स्टेंट बसवला. परत आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन. एक रक्त पातळ ठेवायची, एक दाबाची, आणि एक रात्री घ्यायची, कोलेस्टेरॉलची. कंपनी, कमिशन, आयुष्यभराची गोळी या शब्दांवर त्यांनी स्वतः कितीतरी पत्रकं काढली होती. तरी ते गोळ्या घेत होते. आतला फोटो त्यांनी स्वतः पडद्यावर पाहिला होता. नळीचा एक भाग उंदराने कुरतडलेल्या दोरीसारखा दिसत होता, असं ते सांगायचे.

मी तळोद्याला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त घेते, मशीन लावते, रिपोर्ट छापते. रविवारी तापी ओलांडून घरी येते. गेल्या दिवाळीनंतर नंदुरबारच्या बाजारात एक गाडी उभी राहायला लागली. वर भोंगा, बाजूला मोठं लाल हृदय काढलेलं, आणि डब्यांची रास. भोंगा सांगत होता, आमचं तेल कोलेस्टेरॉल-मुक्त, घाण्याचं तेल म्हणजे विष. बायका घाबरून तो महाग डबा उचलत होत्या. एकीने माझ्यासमोर म्हटलं, "घरनं तेल ढोरेसना पेंडमा टाकी दिसू." घरचं तेल जनावरांच्या पेंडीत ओतून देणार होती ती.

माझं डोकं फिरलं. कोलेस्टेरॉल ही प्राण्यांच्या शरीरातली वस्तू आहे. शेंगदाणा, तीळ, करडई, मका, कुठल्याही वनस्पतीच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. म्हणजे ती गाडी पाण्याला 'काटे नसलेलं पाणी' म्हणून विकत होती. त्याच रात्री मी लिहायला बसले. लॅबमुळे मला वाचायची सवय होती, आणि वाचताना एक गोष्ट हाती लागली. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉलसारख्याच बांध्याचे दुसरे रेणू असतात. त्यांना वनस्पती-स्टेरॉल म्हणतात. ते आतड्यात कोलेस्टेरॉलशी जागेसाठी भांडतात, त्यामुळे कोलेस्टेरॉल रक्तात कमी जातं. मला हे वाचून इतका आनंद झाला! ज्या तेलाला विष म्हणत होते, त्यातच हे होतं.

मी लिहिलेलं वाक्य असं होतं: "आपल्या तेलात मुळातच असलेले वनस्पती-स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलच्या शोषणाशी स्पर्धा करतात आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल थोडंसं कमी करायला मदत करू शकतात." त्याखाली आणखी एक ओळ होती: "रोजच्या जेवणातल्या तेलातून मिळणारं त्यांचं प्रमाण फार कमी असतं, त्यामुळे हा औषधाला पर्याय नाही."

आप्पांनी लाल पेनाने 'थोडंसं' खोडलं. 'मदत करू शकतात' खोडलं. मग वाक्य असं केलं, "आपल्या तेलातले वनस्पती-स्टेरॉल आतड्यातच कोलेस्टेरॉलची वाट अडवतात!" उद्गारचिन्हही त्यांचंच.

खालची ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. ती मी काढली. मजकूर एका पानात बसत नव्हता, दोन ओळी मागे जात होत्या, आणि मागची बाजू छापायची नव्हती. मी स्क्रीनवर ती ओळ निवडली आणि एक बटण दाबलं. त्या वेळी मला काहीही वाटलं नाही.

पत्रक गाजलं. भोंग्याची गाडी दोन बाजारांनंतर यायची बंद झाली. पत्रकाचा फोटो मोबाईलवर फिरला. नात्यातल्या लोकांनी तो सुरतहून आम्हालाच परत पाठवला. मी लॅबमध्ये ताठ मानेने फिरत होते.

त्या हिवाळ्यात घरी काही गोष्टी बदलत होत्या, आणि मी त्या पाहूनही वाचल्या नाहीत. जेवताना आप्पा तेलाची किटली स्वतःकडे ओढून घ्यायला लागले. खिचडीतला खड्डा मोठा झाला. भाकरीवर चटणी, चटणीवर तेल, आणि शेवटी ताटात उरलेलं तेलही भाकरीच्या तुकड्याने पुसून तोंडात.

"आते बस करा, खिचडी बुडी गयी," माय म्हणायची.

"मन्ही आंडेरनी लिखेल शे. वत वं," आप्पा म्हणायचे. माझ्या लेकीने लिहिलंय, ओत. आणि माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. मीही हसायचे.

सकाळी ते केळीच्या बागेपर्यंत फिरायला जात. रविवारी मी बरोबर असे. एका रविवारी ते वाटेत थांबले, वाकले, चपलेचा पट्टा नीट केला. पुढच्या रविवारी दोनदा थांबले. मी म्हटलं, "आप्पा, नव्या चपला घ्या ना."

"चालतंय," ते म्हणाले. पट्टा धडधाकट होता. मला तो दिसत होता.

होळीच्या दिवसांत आमच्या लॅबमधली मुलं सातपुड्याच्या डोंगरात, काठी गावच्या होळीला जातात. लॅब तीन दिवस बंद असते. म्हणून मी त्या वेळी रविवार नसताना घरी आले. ओसरीवर शेजारचे एक काका बसले होते. शेतकरी माणूस, गेल्या वर्षीपासून त्यांनाही कोलेस्टेरॉलची गोळी लागली होती. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"बेटा, तुन्हा कागद भलता भारी शे. मी तर गोयीच बंद करी टाकी."

मला नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. "काय बंद केलं, काका?"

"गोयी वं. कोलेस्टेरॉलनी. तुन्हा बापनी सांगं ना मले. ते बी बंद करी बठेल शेतस."

आप्पाही गोळी बंद करून बसले होते. मी आत गेले. माय चुलीपाशी होती. मी तिला विचारलं, आप्पा रात्रीची गोळी घेतात का? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच चुकीचा होता.

"तीन महिना व्हयनात, बंद शे. मले वाटनं तुलेच ईचारीसन बंद करेल शे." तिला वाटलं होतं, मलाच विचारून बंद केली.

गोळ्यांची पिशवी खुंटीला होती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांची पाकिटं नियमाने रिकामी होत होती, दाबाच्याही. तिसरं पाकीट जसंच्या तसं होतं. त्याच्या चकचकीत कागदावर धूळ बसली होती.

आप्पा शेतातून आले तेव्हा मी पिशवी घेऊनच उभी होते. ते पाय धूत होते. मी विचारलं, "ही का सोडली?"

त्यांनी अजिबात लपवालपवी केली नाही. टॉवेलने पाय पुसले आणि शाळेतल्या मराठीत म्हणाले, "काम होत असेल तर दोन-दोन कशाला? वाट तेलच अडवतंय. तूच लिहिलंस."

"मी गोळी सोडा असं लिहिलं नाही."

"सोडू नका असंही लिहिलं नाहीस."

मी लिहिलं होतं, आणि मग एक बटण दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं रक्त घेतलं. उपाशीपोटी, ओसरीवर. त्यांनी बाही वर केली आणि दुसरीकडे पाहिलं. शिर लगेच सापडली. तळोद्याला जाऊन लॅब उघडली, पेशी खाली बसाव्यात म्हणून नळी मशीनमध्ये गरगर फिरवली. वर आलेला द्रव पिवळसर, स्वच्छ, पारदर्शक होता. लोकांना वाटतं की कोलेस्टेरॉल वाढलं की रक्त दाट दिसतं. तसं काही नसतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं शांतपणे आपलं काम करतं.

मशीनने आकडा दिला. गोळी चालू असताना वाईट कोलेस्टेरॉल अडुसष्ट होतं. आता एकशे बेचाळीस. स्टेंट बसवलेल्या माणसाचं. मी तीच तपासणी पुन्हा लावली. एकशे चाळीस आलं. रिकाम्या लॅबमध्ये मशीनचा पंखा तेवढा फिरत होता. एवढ्या मोठ्याने फिरतो हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

घरी परत येऊन मी आप्पांना सगळं समजावायला बसले. ते मास्तर होते, त्यांना नुसता आकडा पुरला नसता. मी त्यांना तळोद्याहून डोंगरात जाणाऱ्या भरगच्च जीपचं उदाहरण दिलं. आतड्यात सगळं पाणी असतं आणि कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्याला पलीकडे, आतड्याच्या भिंतीपर्यंत जायला गाडी लागते. ती गाडी पित्तातून तयार होते. अगदी बारीक थेंब असतात ते, आणि त्यांत बसायला जागा मोजकी. वनस्पती-स्टेरॉल दिसायला कोलेस्टेरॉलचेच भाऊबंद. ते त्याच जागांवर बसतात. मग तेवढं कोलेस्टेरॉल खाली राहतं आणि शौचावाटे निघून जातं. स्टेरॉल स्वतः भिंतीपाशी उतरले, तरी शरीर त्यांना जवळपास सगळ्यांना परत आतड्यात ढकलून देतं.

"मग? हेच तर लिहिलंय," आप्पा म्हणाले.

"जीप भरायला माणसं किती लागतील ते लिहिलं नाही." मी वही पुढे केली. "परिणाम नीट दिसायला दिवसाला दोनेक ग्रॅम स्टेरॉल पोटात जावे लागतात. आपल्या शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅम तेलात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे रोज किलोभर तेल प्यावं लागेल, आप्पा. आणि एवढं करून वाईट कोलेस्टेरॉल उतरणार साधारण दहातला एक भाग."

त्यांनी वही जवळ ओढून स्वतः भागाकार केला. मास्तरची सवय.

"आणि ते काही फक्त खाल्ल्यामुळे येत नाही," मी म्हणाले. "आतड्यातलं बरंचसं कोलेस्टेरॉल पित्तातून येतं, म्हणजे आपल्याच यकृतातून. वाट अडवली, कमी परत आलं, की यकृत थोडं जास्त बनवायला घेतं. गोळी त्या कारखान्यावरच काम करते. तेल दारात उभं राहतं, गोळी कारखान्यात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आणि तुम्ही आतला पहारा काढून घेतलात."

वही मिटून ते म्हणाले, "हाई तू आधी लिखती ते!" हे तू आधी लिहायला हवं होतंस. लिखाणातली उणीव दाखवताना ते पहिल्यांदाच अहिराणीत बोलले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग आप्पांकडे पाहिलं. ते आप्पांना पूर्वीपासून ओळखायचे. आप्पांनी त्यांच्या धंद्यावरही एकदा पत्रक काढलं होतं.

"गुरुजी, पत्रकं खाऊन नळ्या साफ होत असत्या तर मीही दवाखाना बंद करून तुमच्याबरोबर बाजारात उभा राहिलो असतो."

आप्पा हसले नाहीत. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहिलेलं चूक नाहीये हो. तेलात ते असतं, अडवतंही. साजूक तुपापेक्षा, डालड्यापेक्षा हे तेल बरंच. पण ते ताटात मापात हवं, आणि गोळी तोंडात हवी." मग पुन्हा आप्पांना विचारलं, "चालताना छातीत काही होतं?"

"नाही."

"ते वाटेत थांबतात," मी म्हणाले. "चपलेचा पट्टा नीट करतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग त्यांनी छातीच्या मधोमध तळहात ठेवला. "इथे आवळल्यासारखं होतं. उभं राहिलं की जातं." कधीपासून, याचं उत्तर आलं, संक्रांतीपासून.

गोळी त्याच दिवशी सुरू झाली, आधीपेक्षा जास्त ताकदीची. दीड महिन्याने तपासू, छातीचा त्रास वाढला तर एक दिवसही थांबायचं नाही, सुरतला जाऊन पुन्हा आतला फोटो काढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी नवीन पत्रक काढलं. या वेळी लाल पेन कुणाच्या हातात दिलं नाही. प्रत्येक 'थोडंसं' जागेवर ठेवलं, मागची बाजूही छापली, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं की आधीच्या पत्रकातून औषधाबद्दलचं वाक्य गाळण्याची चूक माझी आहे. बाजारात उभी राहून वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आप्पांचं म्हणणं खरं होतं, ते उभ्या माणसाने वाचायचं पत्रक नव्हतं. मोबाईलवर कुणीही त्याचा फोटो पुढे पाठवला नाही. जुनं पत्रक मात्र अजून येतं. गेल्या आठवड्यात एका गटावर ते पुन्हा आलं, खाली हात जोडलेली चित्रं आणि 'सर्वांना पाठवा'. मी खाली लिहिलं की हे अपुरं आहे. कुणीतरी मलाच विचारलं, तू कोणत्या कंपनीची?

शेजारच्या काकांकडे मी स्वतः गेले. तीनदा गेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुम्हीन बापलेक आधी ठराव करी ल्या, मंग मले सांगा." आधी तुमचं तुम्ही ठरवा. काकूंनी मात्र मला दारापर्यंत सोडताना हळूच सांगितलं की गोळी त्या भाकरीत घालून देतात. खरं असेल तर असो. मला ते पटत नाही आणि त्यांना थांबवायचं धाडसही नाही.

दीड महिना झाला. उन्हाळा भरात आला. आप्पांचं रक्त मी पुन्हा घेतलं. अठ्ठावन्न आलं. माय त्या कागदावरून हात फिरवत बसली, तिला आकडे वाचता येत नाहीत तरी. "उतरनं ना? मंग झायं!" तिने खिचडीवर चमचाभर तेल मोजून घातलं आणि किटली आत ठेवून दिली. आप्पा निमूटपणे जेवले.

आकडा उतरला होता. पण मधल्या महिन्यांत नळीच्या आत काय साचलं, काय सुटलं, हे आकडा सांगत नाही. तो फक्त आजचं रक्त सांगतो.

त्याच संध्याकाळी ते अंगणातून ओसरीवर चढत होते. तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर ते थांबले. पायात चप्पल नव्हती, त्यामुळे वाकायला काही कारण नव्हतं. नुसते उभे राहिले, खांबाला धरून, आणि घाम त्यांच्या कपाळावरून भुवईत उतरत होता. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ता इथे आणा, ईसीजीची पट्टी काढू, आणि पहाटे सुरतला निघा.

पट्टीत त्या क्षणी झटका दिसला नाही. फार काळ थांबू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले.

हे मी सुरतच्या दवाखान्यात, बाकावर बसून लिहिते आहे. मघापर्यंत आप्पा शेजारी होते, हिरव्या झग्यात. त्यात ते फार लहान दिसत होते. फोटो काढायला न्यायला अजून अवकाश होता. एक तरुण डॉक्टर कागद देऊन गेला. फोटोत जे दिसेल त्यानुसार तिथल्या तिथे दुसरा स्टेंट, किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया, दोन्हीला संमती. आप्पांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. बारीक अक्षरातलंही वाचलं. मग सही न करता तो माझ्यापुढे धरला.

"तू सांग," ते म्हणाले. "मी काय करू?"

आयुष्यभर त्यांनी गावाला सांगितलं, काय करा, काय करू नका. मला कधीच काही विचारलं नव्हतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, त्या पहिल्या पत्रकासारखं ठाम, एका ओळीचं: सही करा. तेवढ्यात दार उघडलं आणि नर्सने त्यांचा नंबर पुकारला.